मॅगसल्फ चालू असताना: युरोबॅग, गुडघा आणि श्वास

लेबर रूममध्ये नवीन आलेली सिस्टर पहिल्यांदा प्रीएक्लॅम्प्सियाची बाई सांभाळते तेव्हा तिची नजर बीपीच्या आकड्याला चिकटलेली असते. बीपी बघायचंच आहे, पण ते मॅगसल्फचं काम नाही. १७०/११० असेल तर लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन वेगळं चालतं. मॅग्नेशियम सल्फेट देतो ते झटके येऊ नयेत म्हणून. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका होत्या, आणि औषध मिळालेल्यांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. म्हणून डॉक्टर ऑर्डर लिहितात. ऑर्डर लिहून झाल्यावर पुढचे २४ तास, कधी त्याहूनही जास्त, ती बाई तुमच्या हातात असते.

हा लेख त्या तासांबद्दल आहे. डोस आणि वेग तुमच्या डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे आणि विभागाच्या प्रोटोकॉलप्रमाणेच चालवायचे. मी इथे सगळीकडे चालणारी पद्धत धरली आहे: शिरेतून ४ ग्रॅम लोडिंग, मग तासाला १ ग्रॅम.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

मॅग्नेशियम शरीरातून बाहेर जातं ते जवळजवळ सगळं किडनीतून. लघवी कमी झाली की ते साठायला लागतं. साठलं की आधी स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, गुडघ्याचा झटका कमी होत जातो आणि नाहीसा होतो. त्यानंतरही औषध चालूच राहिलं तर श्वासाचे स्नायू थकतात. शेवटी हृदय.

म्हणजे तीन तपासण्या एकाच वाटेवरचे तीन टप्पे आहेत. लघवी सगळ्यात आधी सांगते, गुडघा मध्ये सांगतो, श्वास सगळ्यात उशिरा सांगतो. नवीन मुली उलटं करतात. श्वास बरा चाललाय, सॅच्युरेशन ९८ आहे, म्हणजे सगळं ठीक, असं धरून बसतात. श्वास बिघडेपर्यंत थांबलात तर पहिले दोन इशारे तुमच्या हातून निसटले असं समजा.

सुरू करण्यापूर्वी

पंपाला हात लावायच्या आधी बाईच्या चार गोष्टी चार्टवर आल्या पाहिजेत: बीपी, पूर्ण मिनिट मोजलेला श्वास, दोन्ही गुडघ्यांचे रिफ्लेक्स आणि कॅथेटर घातल्यावर आलेली लघवी. ही सुरुवातीची नोंद नसेल तर चार तासांनी 'गुडघा मंद वाटतोय' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. कशाच्या तुलनेत मंद? प्रीएक्लॅम्प्सियात रिफ्लेक्स बहुतेक वेळा आधीच जोरात असतात, ३+ किंवा त्याहून जास्त. अशा बाईचा गुडघा १+ वर आला तर पुस्तकात 'रिफ्लेक्स आहे' असं लिहिता येईल, पण तिच्यासाठी तो मोठा बदल आहे.

कॅथेटर घातल्यावर बॅगेत जी पहिली लघवी येते ती मोजून, लिहून, ओतून टाका. ती मूत्राशयात आधीपासून साठलेली असते. तिला पहिल्या तासाच्या हिशोबात धरलं तर १५० मिलि दिसतात आणि सगळे खूश होतात.

दोन प्रश्न स्वतः विचारा, केसपेपरवर असतील असं गृहीत धरू नका. किडनीचा काही त्रास आहे का, आणि स्नायूंच्या अशक्तपणाचा, म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा, आजार आहे का. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर मॅगसल्फ देत नाहीत, लगेच डॉक्टरांना सांगायचं. क्रिएटिनिन पाठवलंय का तेही बघा.

आणि कॅल्शियम ग्लुकोनेट. १०% चं १० मिलिचं अँप्यूल, सिरिंज आणि सुई, एका ट्रेमध्ये, बाईच्या कॉटशेजारी. 'इमर्जन्सी ट्रॉलीत आहे' हे उत्तर मला चालत नाही. रात्री दोन वाजता ट्रॉली दुसऱ्या बाईकडे गेलेली असते. अंबू बॅग मात्र ट्रॉलीवर असली तरी चालेल, फक्त ती जोडलेली आणि चालू आहे का हे ड्युटीवर आल्या आल्या बघा.

औषध भरणं

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ५०% चं २ मिलिचं अँप्यूल मिळतं, त्यात १ ग्रॅम असतो. तरी प्रत्येक वेळी लेबलवरची टक्केवारी मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या सिस्टरला ऐकवा. वेगळ्या तीव्रतेचा साठा आला असेल तर 'चार ग्रॅम म्हणजे आठ मिलि' हे पाठ केलेलं गणित तिथेच चुकतं.

लोडिंगसाठी २० मिलिची सिरिंज घ्या. ८ मिलि मॅगसल्फ आणि १२ मिलि नॉर्मल सलाइन, म्हणजे २० मिलित ४ ग्रॅम, २० टक्क्यांचं द्रावण. पंपावर तासाला ६० मिलि लावलं की वीस मिनिटांत संपतं.

मेन्टेनन्ससाठी ५० मिलिची वेगळी सिरिंज. २० मिलि मॅगसल्फ आणि ३० मिलि सलाइन, म्हणजे १० ग्रॅम, तेही २० टक्केच. तासाला ५ मिलि म्हणजे १ ग्रॅम.

दोन सिरिंज वेगळ्या का, हे नीट समजून घ्या. एकाच मोठ्या सिरिंजमधून आधी ६० च्या वेगाने लोडिंग देऊन मग वेग ५ वर आणायचा, हा शॉर्टकट मी पाहिला आहे. एका रात्री बाईच्या नवऱ्याशी बोलताना सिस्टर वेग बदलायला विसरली. ५० मिलिची सिरिंज ६० च्या वेगाने पन्नास मिनिटांत रिकामी होते, म्हणजे १० ग्रॅम. त्या रात्री सुदैवाने दहाव्या मिनिटाला दुसरीच्या लक्षात आलं. लोडिंगच्या सिरिंजमध्ये मुळात चारच ग्रॅम असतील तर विसरलं तरी पंप ओरडून थांबतो.

पंप नसेल तर ब्युरेट सेट वापरतात. १० मिलि मॅगसल्फ (५ ग्रॅम) आणि ९० मिलि सलाइन ब्युरेटमध्ये, मायक्रोड्रिपने मिनिटाला २० थेंब, म्हणजे तासाला २० मिलि, १ ग्रॅम. क्लॅम्प सुटला तरी एका वेळी पाच ग्रॅमच्या वर जात नाही. मोठ्या सलाइनच्या बाटलीत सगळं औषध घालून लटकवू नका. आणि ऑक्सिटोसिनचा ड्रिप शेजारीच चालू असेल तर दोन्ही नळ्यांवर, बाटलीपाशी आणि बाईच्या हातापाशी, मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा. 'याचा वेग वाढव' म्हटल्यावर चुकीचा क्लॅम्प उघडला गेलेला आहे.

लोडिंग सुरू करताना बाईला आधीच सांगा की अंगात आग होईल, चेहरा तापेल, घाम येईल, मळमळेल. नाही सांगितलं तर 'सिस्टर, अंगात आग आग होतेय, मला काहीतरी होतंय' म्हणून ती उठून बसते, सासूबाई बाहेर रडायला लागतात आणि बीपी आणखी चढतं. ही आग औषधाची नेहमीची गोष्ट आहे, विषबाधा नव्हे. ती वीस मिनिटं कॉटपासून हलू नका, दर पाच मिनिटांनी बीपी आणि श्वास घ्या.

लघवी

नियम साधा आहे: तासाला किमान ३० मिलि, म्हणजे चार तासांत १२०. शक्य असेल तर युरोमीटर लावा. साध्या युरोबॅगवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. बॅग कॉटच्या कडेला तिरकी लटकलेली असते, फुगलेली असते, आणि ५० आणि १०० मधला फरक डोळ्यांनी कळत नाही. बॅगेतली लघवी मापाच्या भांड्यात ओतून मोजा.

आकडा कमी आला की आधी नळी बघा. मांडीखाली दबली आहे का, वळली आहे का, बॅग मूत्राशयापेक्षा वर लटकली आहे का. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण दोन मिनिटांचंच. नळी सरळ केली आणि लघवी आली नाही तर 'पुढच्या तासाला येईल' म्हणून वाट बघायची नाही.

सलाइन वाढवून लघवी आणायचा मोह होतो. प्रीएक्लॅम्प्सियात तो धोक्याचा आहे, फुफ्फुसात पाणी भरू शकतं. बहुतेक ठिकाणी सगळे ड्रिप मिळून तासाला ८० मिलिच्या आसपास मर्यादा असते. मॅगसल्फचं पाणीही त्यात मोजायचं. जास्त द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

गुडघा

बाई पाठीवर किंवा किंचित कुशीवर. तुमचा डावा हात तिच्या गुडघ्यांखाली घालून दोन्ही गुडघे जरा उचला, टाचा गादीवर टेकलेल्या, पाय सैल. वाटीच्या खाली जी दोरी बोटाला लागते तिच्यावर हॅमर मनगटातून सैल सोडून मारा. पावलाकडे बघू नका, मांडीच्या स्नायूकडे बघा. पाऊल हललं नाही तरी मांडी आकसलेली दिसते. प्रीएक्लॅम्प्सियात पायाला सूज असते, दोरी नीट सापडत नाही, म्हणून एक प्रयत्न फसला की 'नाही' लिहू नका. बाईला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा, आणि ती ओढत असतानाच मारा. त्या क्षणी लपलेला रिफ्लेक्स बाहेर येतो.

हॅमर हरवलेला असेल (आमच्या वॉर्डात तो नेहमी कुणाच्या तरी एप्रनच्या खिशात घरी गेलेला असतो) तर स्टेथोस्कोपच्या चकतीची कड वापरता येते. शक्यतो एकाच सिस्टरने पूर्ण ड्युटी तपासावं. एकीचा २+ आणि दुसरीचा १+ एकच असू शकतो. हँडओव्हरच्या वेळी दोघींनी मिळून एकदा गुडघा मारून बघायचा.

स्पायनल देऊन सिझेरियन झालं असेल, किंवा एपिड्युरल चालू असेल, तर गुडघ्याचा रिफ्लेक्स भुलीमुळेच जातो. अशा वेळी कोपराच्या घडीत, बायसेप्सच्या दोरीवर अंगठा ठेवून अंगठ्यावर मारायचं. तिथे रिफ्लेक्स आहे म्हणजे मॅग्नेशियम ठीक आहे. हे माहीत नसल्यामुळे ओटीतून आलेल्या बाईचं औषध उगाच बंद झालेलं मी पाहिलंय. आणि उलटही: 'स्पायनल आहे ना, नाही येणार' म्हणून कुणी हात न तपासता रात्रभर तसंच चालवलेलं.

श्वास

पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा १२, १६ किंवा २० एवढाच येतो, आणि इथे नेमका १६ आणि १४ मधलाच फरक महत्त्वाचा आहे. आमच्या प्रोटोकॉलमध्ये मिनिटाला १६ पेक्षा कमी झालं की औषध थांबतं. काही ठिकाणी १२ लिहिलेलं असतं. तुमच्या भिंतीवर काय आहे ते आजच बघून ठेवा. नाडी धरल्यासारखं करून मोजा, 'आता श्वास मोजते' म्हटलं की माणूस श्वास बदलतो.

मी नवीन असताना एका चार्टवर रात्रीचे आठही आकडे १८ लिहिले होते. सकाळी इनचार्ज सिस्टरांनी चार्ट हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा श्वास आहे की घड्याळ?" त्यानंतर मी कधी अंदाजाने लिहिलं नाही.

ऑक्सिजन लावलेला असेल तर सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसतं, श्वास मंदावलेला असूनसुद्धा. म्हणून मॉनिटरवरचा आकडा मोजणीची जागा घेत नाही. बाई गुंगीत आहे, बोलताना जीभ जड होतेय, डोळे नीट उघडत नाहीत, असं दिसलं तर तासाची वाट न बघता तिन्ही गोष्टी पुन्हा तपासा.

एक रात्र, तासातासाने

पहिलटकरीण, ३५ आठवडे, बीपी १७०/११४, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, लघवीत प्रोटीन ३+. संध्याकाळी ४ वाजता लोडिंग, मग तासाला १ ग्रॅम. सुरुवातीचे रिफ्लेक्स ३+, श्वास २०, क्रिएटिनिन ०.९.

संध्याकाळी लघवी तासाला ४५, ४०, ४० अशी होती. मी रात्री ८ वाजता ड्युटीवर आले तेव्हा हँडओव्हरमध्ये 'सगळं स्टेबल' ऐकलं. आठ ते नऊच्या तासात ३० मिलि. दहा वाजता २२. नळी बघितली, मांडीखाली दबलेली होती. सरळ केली आणि मनात म्हटलं, सापडलं कारण. चार-पाच मिलि आले, बस्स. गुडघा २+, श्वास १८. दहाच्या आकड्यावर मी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी क्रिएटिनिन पुन्हा पाठवायला सांगितलं आणि तपासण्या अर्ध्या तासावर आणल्या.

अकरा वाजता १८ मिलि, गुडघा जेमतेम २+. बारा वाजता १२ मिलि. आठपासून बारापर्यंत चार तासांत ८२ मिलि, हवे होते १२०. गुडघा आता बोटं ओढायला लावल्यावरच येत होता, १+. श्वास मात्र अजून १७.

इथे चार्ट बघून कुणी म्हणेल: रिफ्लेक्स आहे, श्वास १६ च्या वर आहे, दोन गोष्टी ठीक आहेत. पण तोपर्यंत तिच्या अंगात ४ आणि ८ मिळून १२ ग्रॅम गेलेले होते आणि बाहेर जायचा रस्ता अरुंद होत चालला होता. मी पंप थांबवला आणि फोन केला, या क्रमाने. थांबवायला परवानगी लागत नाही, पुन्हा सुरू करायला लागते. क्रिएटिनिन १.८ आलं. मॅग्नेशियमची लेव्हल आमच्याकडे रात्री होत नाही, बहुतेक ठिकाणी होत नाही. म्हणून तर गुडघा.

कॅल्शियम भरून ठेवलं, लागलं नाही. डॉक्टरांनी सिझेरियन ठरवलं, आणि भूलतज्ज्ञांना फोनवर पहिलं वाक्य मॅगसल्फचंच सांगितलं, कारण स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम त्याने वाढतो. बालरोग डॉक्टरांनाही बोलावलं, बाळ सुस्त निघू शकतं. पहाटे बाई परत आली तेव्हा कोपराचा रिफ्लेक्स चांगला होता, लघवी तासाला ४० वर आली, मग डॉक्टरांनी निम्म्या वेगाने, तासाला २.५ मिलिवर, पुन्हा सुरू करायला सांगितलं.

श्वास खरंच पडला तर

पंप बंद. हाक मारा, एकट्याने धावाधाव नको. श्वास थांबला असेल किंवा अगदी तोकडा असेल तर आधी अंबू बॅगने श्वास द्या, कॅल्शियम दुसऱ्याने भरावं. १० मिलि कॅल्शियम ग्लुकोनेट (१ ग्रॅम) शिरेतून हळूहळू, डॉक्टर सांगतील त्या वेगाने, मॉनिटर लावून, नाडी बघत. मॅगसल्फच्याच नळीतून ढकलू नका, दोन्ही एकत्र आली की पांढरा साका बसतो. दुसरी शीर वापरा किंवा नळी सलाइनने धुऊन घ्या. कॅल्शियमने बाई डोळे उघडते, श्वास घेते, आणि सगळ्यांना वाटतं संपलं. पण मॅग्नेशियम अजून रक्तात आहे आणि कॅल्शियमचा परिणाम ओसरतो. पुढचे काही तास तिच्याजवळच कुणीतरी बसायचं.

औषध चालू असतानाच झटका आला तर ती वेगळी गोष्ट. बाईला कुशीवर घ्या, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. सहसा आणखी २ ग्रॅम (४ मिलि मॅगसल्फ आणि ६ मिलि सलाइन) पाच मिनिटांत देतात. पण ते देण्याआधीही गुडघा आणि श्वास बघायचाच.

प्रसूतीनंतर

बाळ झालं की वॉर्ड सैल पडतो, पेढे येतात. औषध मात्र प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर २४ तास चालतं, यातलं जे नंतरचं असेल तिथून. गर्भाशय सैल राहू शकतं, म्हणून पोटावर हात ठेवून रक्तस्राव बघत राहा. पंप बंद झाल्यावरही लगेच कॅथेटर काढू नका. किडनीला साठलेलं बाहेर टाकायला वेळ लागतो, त्या काळातही लघवीचा आकडा आणि गुडघा चार्टवर येत राहिला पाहिजे. हँडओव्हरमध्ये 'मॅगसल्फ चालू आहे' एवढंच सांगू नका. किती ग्रॅम गेलेत, शेवटच्या चार तासांची लघवी किती, गुडघा किती होता आणि आता किती आहे, हे चार आकडे सांगा, आणि पुढच्या सिस्टरला कॉटपाशी नेऊन तिच्या हातात हॅमर द्या.